‘तिजोरीवर बोजा’ म्हणावं का?

प्रश्न : नागपुरात आमच्या वाचनालयाच्या फलकासाठी मी वाक्य लिहिलं, ‘धूम्रपानामुळे सरकारी तिजोरीवर पावणेदोन लाख कोटींचा बोजा’. एका काकांनी ‘तिजोरीवर’ला हरकत घेतली. मग बोजा, खर्च, नुकसान, भुर्दंड यांतलं नेमकं काय लिहायचं? आणि त्यातून कराचा महसूल वजा करून ‘निव्वळ तोटा’ असं लिहिता येईल का?

काकांची हरकत रास्त आहे. तुमच्या वाक्यातला आकडा 2017-18 या वर्षासाठी काढलेला आहे : 1,77,341 कोटी रुपये, म्हणजे त्या वर्षीच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याहून किंचित जास्त. पस्तिशी आणि त्यापुढच्या वयाच्या माणसांचे तंबाखूमुळे होणारे आजार आणि मृत्यू यांचा तो हिशेब आहे. यात औषधोपचाराचा आणि त्यासाठी होणाऱ्या वरखर्चाचा वाटा साधारण 22 टक्के. उरलेले 78 टक्के आजारपणात बुडालेल्या कामाचे आणि अकाली मृत्यूने थांबलेल्या कमाईचे. हे 78 टक्के तिजोरीतून गेलेले नाहीत. उपचाराच्या 22 टक्क्यांतही घरच्यांनी स्वतःच्या खिशातून भरलेला पैसा आहे. तेव्हा हा बोजा देशावर आहे, माणसांवर आहे. तिजोरी त्यातली एक वाटेकरी.

तुमच्या वाक्यात आणखी एक शब्द बदलायला हवा, तो ‘धूम्रपानामुळे’. हा आकडा एकूण तंबाखूचा आहे. बिडी-सिगारेटचा वाटा त्यात सुमारे 74 टक्के, म्हणजे 1 लाख 31 हजार कोटींच्या आसपास. बाकीचा तोंडात धरायच्या तंबाखूचा. जिथे पानठेल्यावर खर्रा घोटून मिळतो त्या नागपुरात तर ही गल्लत मुळीच करू नये. फलक वाचणारा खर्रा खाणारा असेल, तर ‘धूम्रपान’ वाचून तो स्वतःला खुशाल वगळून टाकेल.

आता शब्दांकडे येऊ. त्यासाठी एक कल्पित माणूस घेतो. कळमना मार्केटमधला हमाल, वय 52, तरुणपणापासून बिडी ओढणारा. मजुरी रोजची 600 रुपये. दम लागायला लागला, मेडिकलला म्हणजे सरकारी इस्पितळात भरती केलं. तिथे खाट आणि डॉक्टर यांचे पैसे त्याला पडले नाहीत, पण बाहेरून आणलेल्या औषधांना 4,000 आणि ऑटोला 1,500 गेले. हे साडेपाच हजार म्हणजे शुद्ध ‘खर्च’, कारण पैसा हातातून निघून गेला. खाट-डॉक्टरचा खर्च सरकारने केला. तोही खर्चच, आणि ‘तिजोरीवर’ हा शब्द शोभतो तो फक्त इथे.

पण त्याचे 20 दिवसांचे खाडे झाले. 12,000 रुपये मजुरी बुडाली. सोबत राहायला मुलाने आपली 500 रुपये रोजाची मजुरी 8 दिवस पाडली, ते 4,000. या 16,000 रुपयांना ‘खर्च’ म्हणता येत नाही. ते कुणी कुणाला दिलेच नाहीत, ते मिळालेच नाहीत. पाठ्यपुस्तकांत याला ‘अप्रत्यक्ष खर्च’ म्हणतात. मला तो शब्द खटकतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं की कुठेतरी आडून पैसे भरले गेले. त्यापेक्षा ‘बुडालेली कमाई’ लिहा. मजुरी बुडणं, खाडा होणं, रोज पाडणं हे शब्द कामगारांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत आणि अर्थशास्त्राला जे म्हणायचं आहे तेच नेमकं म्हणतात.

तो हमाल त्याच दुखण्यात गेला असं धरलं, तर हिशेब कितीतरी मोठा होतो. साठीपर्यंत 8 वर्षं, वर्षाला 250 दिवस काम धरलं, तर दरवर्षी दीड लाख, एकूण 12 लाख. मात्र पुढच्या वर्षांत मिळायचा रुपया आजच्या रुपयाएवढा धरत नाहीत. त्याला वटाव लावून आजचं मोल काढतात. 3 टक्के दराने ते साधारण साडेदहा लाख भरतं. साडेपाच हजारांचा खर्च, 16 हजारांची बुडालेली मजुरी आणि साडेदहा लाखांची थांबलेली कमाई, असा हा चढता हिशेब देशभर बेरजेत मांडला, की 78 टक्के कुठून येतात ते कळतं. यात एक अन्यायही दडलेला आहे, तो लक्षात ठेवावा. मोल मजुरीवर ठरत असल्याने, चूल आणि घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचं मोल वेगळं धरलं नाही, तर तिचा मृत्यू या वहीत जवळपास कोरा राहतो.

या सगळ्यांना कवेत घेणारा शब्द ‘नुकसान’. गेलेला पैसा आणि न आलेला पैसा, दोन्ही त्यात बसतात. ‘बोजा’ही चालेल, फक्त तो कुणावर ते लिहा. ‘भुर्दंड’ मात्र जपून वापरा. चूक दुसऱ्याची आणि भरणा आपला, तिथे तो शोभतो. घरातल्या बिडीच्या धुराने आजारी पडलेल्या बायकोमुलांसाठी, मजुरी पाडणाऱ्या त्या मुलासाठी तो अगदी चपखल आहे.

राहिला महसूल. तो वजा करून ‘निव्वळ तोटा’ लिहू नका. बिडी-सिगारेटवरचा कर ओढणाऱ्याच्या खिशातून निघून तिजोरीत जातो. देशातला पैसा देशातच राहतो, एका हातातून दुसऱ्या हातात जातो. त्या हस्तांतराने हमालाची एकही बुडालेली मजुरी भरून निघत नाही. देशाच्या नुकसानातून तो वजा करणं म्हणजे दोन वेगळ्या वह्यांतल्या रकमा एकत्र करणं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना मात्र जरूर करा. 2016-17 मध्ये तंबाखूवरचा अबकारी महसूल या नुकसानाच्या 12 टक्क्यांच्या आसपासच होता. दर 100 रुपये करामागे समाजाचं 816 रुपयांचं नुकसान, असं ते मांडलं जातं.

वजाबाकी करायचीच असेल, तर वही फक्त तिजोरीची धरावी लागते : एकीकडे जमा कर, दुसरीकडे सरकारी इस्पितळांचा खर्च. तसं केलं की काय होतं, ते 2001 साली चेक प्रजासत्ताकात दिसलं. फिलिप मॉरिस कंपनीने आर्थर डी. लिटल या सल्लागार संस्थेकडून 1999 सालाचा असा हिशेब करवून घेतला. त्यात कराच्या जोडीला, माणसं लवकर गेल्याने वाचलेलं निवृत्तिवेतन आणि म्हातारपणीचा औषधोपचार हाही सरकारचा ‘फायदा’ म्हणून जमेला धरला होता. उत्तर आलं, तिजोरीला सुमारे 580 कोटी कोरुनांचा लाभ. जगभर संताप उसळला आणि कंपनीला माफी मागावी लागली. त्या वहीतली आकडेमोड बरोबर की चूक, हा प्रश्न वेगळा. मेलेल्या माणसाची बाजू मांडायला तिच्यात रकानाच नव्हता. ‘तिजोरीवर’ हा शब्द मी तुमच्या फलकावरून काढायला सांगतो, तो यासाठी.

फलकावर असं लिहा : ‘तंबाखूमुळे 2017-18 या एका वर्षात देशाचं 1 लाख 77 हजार कोटी रुपयांचं नुकसान. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त बुडालेल्या कमाईचे, बाकीचे औषधपाण्याचे.’ जागा उरली तर खाली कराचा आकडा द्या, पण मध्ये वजाचं चिन्ह नको.