मरून पडद्यासमोर हिरव्या साड्या नकोच

प्रश्न: शाळेच्या गॅदरिंगला मुलांचा कोळी डान्स आहे, स्टेजचा पडदा गडद आहे, ड्रेसचा कलर कोणता घ्यावा म्हणजे मुलं उठून दिसतील?

पिवळा घ्या. गडद पडदा आहे ना, मग कपडा पडद्यापेक्षा उजळ आहे का एवढंच आधी बघा, रंग कुठला ते नंतर. हे मी घसा फोडून सांगते कारण तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेत हेच सांगितलं होतं आणि कोणी ऐकलं नाही.

आमचा पडदा मरून, मखमली. चौथीची वीस मुलं, बारा मुली आणि आठ मुलगे. मी म्हटलं साड्या पिवळ्या घेऊ. आमच्या एक सिनियर मॅडम म्हणाल्या, कोळीगीत आहे तर हिरव्याच हव्यात, आणि लाल-हिरवे विरुद्ध रंग असतात, उठूनच दिसणार. ड्रेपरीवाल्याने आणलेली साडी त्यांनी स्टाफरूममध्ये खिडकीजवळ धरली, उन्हात ती छानच दिसत होती, झालं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पण लाल-हिरवे विरुद्ध असले तरी गडद हिरवा आणि मरून हे दोन्ही सारखेच काळपट असतात, मोबाईलमध्ये फोटो ब्लॅक अँड व्हाईट करून बघा, दोन्ही एकच करडे येतात.

संध्याकाळी लाईटवाल्याने गाण्याला जोर यावा म्हणून एलईडी पार लाल केले. हिरवं कापड लाल उजेड परत फेकतच नाही, त्यामुळे साड्या काळ्या पडल्या, आणि पडदा मूळचाच लाल म्हणून तो उलट जास्त उजळला. पोरींचे फक्त चेहरे, हात आणि गजरे दिसत होते. मुलांच्या पांढऱ्या बंड्या लांबून दिसत होत्या पण कमरेचे लाल चौकड्याचे रुमाल पडद्यात मिसळले, आणि वल्हवायची स्टेप तर सगळी गुडघ्यात आणि कमरेत होती, महिनाभर घासून बसवलेली, ती कोणाला कळलीच नाही. एका मुलीची आई दहाव्या रांगेत बसली होती, नंतर मला येऊन विचारते, बाई, आमची ह्या डान्समध्ये होती का? ती मुलगी शेजारीच उभी होती. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी बक्षीस समारंभात तोच डान्स परत होता. सकाळी जाऊन पिवळं सॅटिन दहा मीटर आणलं. चव्वेचाळीस इंच पन्हा होता, तो उभा अर्धा कापला की एका मीटरमध्ये दोन शेले होतात, वीस मुलांना बरोबर पुरले. मुलींच्या कमरेला बांधून एक टोक पुढे सोडलं, मुलांच्या रुमालावरून बांधलं. लाईटवाल्याला लाल बंद करायला लावले, समोरून फक्त वॉर्म व्हाईट, पडद्यावर काहीच नाही, आणि मागची रांग पडद्यापासून चार-पाच फूट पुढे घेतली म्हणजे सावल्या पडद्यावर पडत नाहीत. साड्या त्याच, पण कमर कुठे वळते ते शेवटच्या रांगेतून दिसलं. मॅडम म्हणाल्या लाईटचा फरक आहे. लाईटचा होताच, पण शेले नसते तर नुसत्या लाईटने हिरवं गडदचं उजळ झालं नसतं. आणि कोळी बायका पिवळ्या साड्या नेसत नाहीत हे त्यांना कोणी सांगितलं मला माहीत नाही.

तुम्ही ॲडव्हान्स द्यायच्या आधी ड्रेपरीवाल्याकडून एक नग मागून घ्या, पडद्याला टाचा, त्या दिवशी लागणार तेच लाईट लावायला सांगा आणि शेवटच्या रांगेत जाऊन डोळे किलकिले करून बघा. साडी पडद्यात विरघळली तर ती घेऊ नका, मग जवळून कितीही सुंदर असू दे.

एक राहिलं, पिवळा लाल लाईटमध्ये लाल दिसतो पण उजळ राहतो, निळ्यात मात्र मरतो, म्हणून समुद्र दाखवायला सगळं स्टेज निळं करणार असाल तर समोरून पांढरा लाईट ठेवाच. शुभ्र पांढरा पूर्ण ड्रेस नको, फोटोत कपडा फुटतो आणि चेहरे काळे येतात, ऑफव्हाईट चालेल. पडदा क्रीम किंवा आकाशी असेल तर सगळं उलटं, तिथे गडद हिरवा मस्त दिसेल. मागे एलईडी वॉल असेल तर आधी व्हिडिओ काय लावणार ते विचारा, तो गडद नसेल किंवा जवळपास स्थिर नसेल तर कुठलाच कलर धड टिकत नाही.

आणि साड्यांचे पैसे भरून झाले असतील तर शेलेच करा. काठाला दोन इंची सोनेरी लेस लावून भागवू नका, आम्ही आधी एका साडीला तीच लावून बघितली होती, पाचव्या रांगेच्या मागे ती दिसतच नाही.