बाबा की दाबतात आणि एकाच अक्षराची रांग लागते

प्रश्न: आम्ही कोल्हापुरात राहतो. बाबा 71 वर्षांचे आहेत. गावच्या दूध संस्थेची इतिवृत्तं ते विंडोज 10 वर मराठीतून, इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतात. एकेक की शोधून दाबतात आणि एका 'क'चे पाच-सहा 'क' होतात. कीबोर्ड नवा आणला तरी तेच. आता वैतागून परत हातानं लिहायला लागलेत. काय करता येईल?

उत्तर:

नवा कीबोर्ड आणूनही तेच होतंय म्हणजे दोष कीबोर्डात नाही, हे जवळपास नक्की. मी राजारामपुरीत टायपिंगचा क्लास घेतो. निवृत्तीनंतर कॉम्प्युटर शिकायला येणाऱ्यांमध्ये ही तक्रार इतकी नेहमीची आहे, की नवीन माणूस आला की त्याच्या मशीनवर मी आधी हे सेटिंग बघतो आणि मग धडा सुरू करतो.

होतं काय, ते आधी सांगतो. की दाबली की पहिलं अक्षर लगेच उमटतं. बोट तसंच राहिलं तर विंडोज थोडा वेळ वाट बघतं आणि मग तेच अक्षर धडाधड टाकायला लागतं. ही वाट बघण्याची मुदत म्हणजे रिपीट डिले, आणि नंतर दर सेकंदाला किती अक्षरं पडायची तो वेग म्हणजे रिपीट रेट. विंडोज बसवल्यावर डिले साधारण अर्धा सेकंद असतो आणि रेट सगळ्यात जास्त, म्हणजे सेकंदाला तीसच्या आसपास. सरावलेल्या माणसाचं बोट कीवर सेकंदाचा दहावा भाग वगैरे टेकतं, त्यामुळे त्याला हा आकडा कधी जाणवतच नाही. शोधून टाइप करणारा माणूस मात्र की सापडली की ती नीट दाबतो, स्क्रीनकडे मान वर करून अक्षर आलं का बघतो आणि मग बोट उचलतो. यात अर्धा सेकंद सहज उलटतो.

समजा, बाबांचं बोट 0.7 सेकंद कीवर राहिलं. पहिला 'क' लगेच आला. अर्ध्या सेकंदाला दुसरा आला. उरलेल्या 0.2 सेकंदात, सेकंदाला तीसच्या वेगानं, आणखी सहा आले. एकूण आठ. आता फक्त रेट कमीत कमी केला, म्हणजे सेकंदाला दोन-अडीच, तर त्याच 0.7 सेकंदात दोनच 'क' पडतात. आणि डिले एक सेकंद केला तर एकच पडतो. थोडक्यात, रांग लागणार की नाही हे डिले ठरवतो. लागली तर ती किती लांब हे रेट ठरवतो. बाबांसाठी मुख्य काम डिलेचं आहे. रेट कमी करायचा तो चुकून एक सेकंद उलटलाच तर नुकसान थोडं व्हावं म्हणून.

सेटिंग असं बदला. विंडोज की आणि R एकत्र दाबा, येणाऱ्या चौकटीत हे टाइप करून एंटर मारा:

```
control keyboard
```

उघडलेल्या खिडकीत `Repeat delay` ची पट्टी `Long` कडे, अगदी टोकाला न्या. `Repeat rate` ची पट्टी `Slow` च्या टोकापासून थोडी अलीकडे ठेवा. खालीच एक रिकामी जागा आहे, तिथं क्लिक करून बाबांना त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं चार-पाच अक्षरं दाबायला सांगा. तुम्ही स्वतः दाबून बघू नका, तुमचं बोट वेगळं. परत `Apply` दाबेपर्यंत काही पक्कं होत नाही, तेवढं विसरू नका.

डिलेच्या पट्टीला चारच थांबे आहेत: पाव, अर्धा, पाऊण आणि एक सेकंद, अंदाजे. हे चार आकडे 1984 च्या आयबीएम पीसी एटीच्या कीबोर्डपासून चालत आलेत. तेव्हा अक्षर परत परत पाठवायचं काम कीबोर्डच करायचा आणि त्याला एवढेच चार पर्याय होते. म्हणून एका सेकंदाच्या पुढं ही पट्टी जात नाही, कितीही ओढा.

एका सेकंदावरही रांग लागत असेल तर मग फिल्टर कीज. `Control Panel` मध्ये `Ease of Access Center`, त्यात `Make the keyboard easier to use`, त्यात `Set up Filter Keys`. इथं रिपीट डिले दोन सेकंदांपर्यंत वाढवता येतो, किंवा `Ignore all repeated keystrokes` निवडून रिपीट पूर्णच बंद करता येतं. याच पानावर स्लो कीज नावाचा दुसरा काळ असतो, म्हणजे की किती वेळ दाबल्यावर पहिलं अक्षर स्वीकारायचं. तो सगळ्यात कमी ठेवा. मुळात तो एक सेकंदाचा असतो, आणि तो तसाच राहिला तर बाबांना प्रत्येक की आणखी जास्त वेळ दाबून धरायची सवय लागेल. म्हणजे आगीतून फुफाट्यात. ज्यांचा हात थरथरतो आणि शेजारच्या कीला बोट घासतं, त्यांच्यासाठी तो काळ आहे. फिल्टर कीज चालू असताना आधीच्या पट्ट्यांचं काही चालत नाही, हेही लक्षात ठेवा. नाहीतर त्या ओढत बसाल आणि फरक काहीच पडणार नाही.

रिपीट पूर्ण बंद करायची किंमत बॅकस्पेसला आणि बाणांच्या कीजना मोजावी लागते. दाबून धरलं तरी एकच अक्षर खोडलं जातं, कर्सर एकच घर सरकतो. पण आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच काकांना हे उलट सोयीचं वाटतं. अक्षर जास्त पडलं म्हणून बॅकस्पेस दाबायचा आणि तोही धावत सुटून आधीची अर्धी ओळ खाऊन टाकायचा, हा त्यांचा जुना त्रास असतो. मोठा भाग खोडायचा असेल तर `Ctrl` धरून बॅकस्पेस दाबला की शब्दच्या शब्द जातो, ते एकदा दाखवून ठेवा.

आता मराठीचा भाग. इंग्रजीत जादा पडलेलं अक्षर डोळ्याला दिसतं. मराठीत सगळी तशी दिसत नाहीत. 'कोल्हापूर' हा शब्द इनस्क्रिप्टमध्ये `k a n d u e h t j` असा येतो. यात `k` वर बोट रेंगाळलं तर 'ककक' दिसतं, `a` वर रेंगाळलं तर जादाचे ओकार बहुतेक ठिकाणी ठिपक्यांच्या गोलावर बसून येतात, तेही कळतं. खरी पंचाईत अनुस्वाराची, म्हणजे `x` ची. काही फाँटमध्ये दुसरा अनुस्वार पहिल्याच्या अंगावर पडतो आणि नुसता टिंब जरा जाड झाल्यासारखं वाटतं. कागदावर छापलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पण सभासदांची यादी एक्सेलमध्ये असेल आणि एका 'शंकर'ला दोन अनुस्वार असतील, तर शोधताना तो 'शंकर' सापडणार नाही. बाबांनी आजवर टाइप केलेल्या फायली असतील तर वर्डच्या शोध-बदल खिडकीत दोन अनुस्वार टाकून एकानं बदला. तीन-चार पडलेले असू शकतात, म्हणून बदल शून्य येईपर्यंत परत चालवा.

एक गोष्ट तपासून घ्या, कारण तिचा इलाज वेगळा आहे. रांग न लागता नेमकी दोनच अक्षरं येतात का, आणि तीही की पटकन सोडली तरी? तसं असेल तर ते दाबून धरल्यामुळे होत नाही. हात थरथरून की दोनदा दाबली जाते, किंवा कीच खराब असते. एकाच कीवर होत असेल तर कीचा दोष, कुठंही होत असेल तर हाताचा. हातासाठी त्याच पानावर बाउन्स कीज आहे: तीच की अर्ध्या सेकंदाच्या आत परत दाबली तर ती मोजायची नाही. ती आणि वरचं रिपीटचं सेटिंग एकत्र चालत नाहीत, दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. इनस्क्रिप्टवाल्यांना बाउन्स कीज फारशी आडवी येत नाही. 'पक्का' लिहितानासुद्धा दोन 'क'च्या मध्ये हलन्ताची की येते. 'ममता', 'शशिकांत' असे मोजके शब्द आणि फोन नंबरातले जोडीचे आकडे तेवढे सावकाश दाबावे लागतात. रोमन अक्षरांतून मराठी टाइप करणाऱ्याला मात्र `aa`, `ee`, `oo` सारखे लागतात, त्याचा जीव मेटाकुटीला येईल.

तुम्हाला पुढं येणारा एक फोन आत्ताच सांगून ठेवतो: "कीबोर्ड बंद पडला." 'ख', 'फ', 'अ' यांना शिफ्ट लागते. बाबा उजवी शिफ्ट धरून अक्षर शोधत बसले आणि आठ सेकंद झाले, की विंडोज फिल्टर कीज चालू करू का म्हणून विचारतं. ते न वाचता `Yes` दाबलं जातं. मग मूळचा तो एक सेकंदाचा काळ लागू होतो आणि पटकन दाबलेली कुठलीच की उमटत नाही. की सेकंदभर दाबून धरल्यावर अक्षर येतंय का बघा. आलं तर हेच झालंय. फिल्टर कीजच्या पानावर उजव्या शिफ्टच्या शॉर्टकटची खूण काढून टाका. शिफ्ट पाच वेळा दाबली की स्टिकी कीज विचारतं, त्याची खूण मात्र राहू द्या. बाबांना स्टिकी कीज उपयोगाचीच आहे, शिफ्ट दाबून सोडायची आणि मग निवांत अक्षर शोधायचं.

हे सगळं ज्या यूजरखाली केलं त्याच्यापुरतंच लागू होतं. मशीन चालू केल्यावर पासवर्ड विचारला जातो तेव्हा बाबांची सेटिंग अजून लागलेली नसतात, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही चुकतो. तिथं डोळ्याचं चिन्ह दाबून काय पडलंय ते बघता येतं. आणि घरात नातवंडं त्याच कॉम्प्युटरवर गेम खेळत असतील तर बाबांसाठी वेगळा यूजर काढा, नाहीतर आठ दिवसांत कुणीतरी पट्ट्या परत जागेवर नेऊन ठेवेल.