'निनावी प्रत' म्हणावे का?

"आमच्या पतसंस्थेच्या संगणकप्रणालीचे माहितीपत्रक मराठीत लिहीत आहे. सभासदांची खरी माहिती बदलून चाचणीसाठी जी प्रत तयार करतात, तिला 'निनावी प्रत' म्हणावे का? 'डेटा मास्किंग'ला 'निनावीकरण' हा शब्द बरोबर आहे का?"

माझ्या मते नाही. 'निनावी' म्हटले की आपल्याला निनावी पत्र आठवते, म्हणजे लिहिणाऱ्याचा माग कोठेच लागत नाही असे काही. चाचणीच्या प्रतीत मात्र माग मुद्दाम राखलेला असतो. सभासदाचे नाव पुसलेले नसते, त्याला दुसरे नाव दिलेले असते, आणि ते दुसरे नाव सगळ्या तक्त्यांत एकच असावे लागते. अशा प्रतीला मी 'टोपणनावी प्रत' म्हणेन. 'मास्किंग' हा शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, आणि त्याचा एक प्रकार, म्हणजे आधार क्रमांकाचे पहिले आठ अंक लपवून शेवटचे चार दाखवणे, यासाठी 'झाकणे' हे साधे क्रियापद पुरेसे आहे. झाकलेला क्रमांक पडद्यावर किंवा कागदावर दाखवण्यापुरता असतो. चाचणीला तो निरुपयोगी ठरतो, कारण आधारचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून पडताळला जातो आणि फुल्या पडताळता येत नाहीत.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. युरोपीय संघाच्या 2016 च्या माहिती-संरक्षण नियमावलीत (ती 25 मे 2018 पासून लागू झाली) टोपणनावाने साठवलेली माहिती वैयक्तिक माहितीच मानली आहे, कारण जोडणारी किल्ली हाती असेल तर मूळ व्यक्तीपर्यंत परत जाता येते. खरोखर निनावी झालेल्या माहितीला ती नियमावली लागू होत नाही. तुमच्या माहितीपत्रकात 'निनावी' असे छापले, तर ही प्रत कोणालाही मोकळेपणी द्यायला हरकत नाही असा वाचणाऱ्याचा समज होईल.

टोपणनाव एकच का हवे, हे मराठी वाचकाला राम गणेश गडकऱ्यांवरून चटकन कळेल. ते कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने आणि नाटके स्वतःच्या नावाने लिहीत. ज्याला हे ठाऊक नाही, तो तीन लेखक मोजेल. पतसंस्थेत 4127 हा सभासद क्रमांक घ्या. या सभासदाने स्वतः कर्ज घेतले आहे आणि आणखी दोन कर्जांना तो जामीन आहे. कर्जदाराच्या आणि जामीनदाराच्या रकान्यांत प्रत्येक नोंदीला वेगळा यदृच्छ क्रमांक दिला, तर 4127 चे तीन अनोळखी सभासद होतील. मग एका व्यक्तीने किती कर्जांना जामीन राहावे ही मर्यादा, किंवा कर्जदार स्वतःच्याच कर्जाला जामीन राहू शकत नाही हा नियम, चाचणीत कधीच अडणार नाही. प्रणाली चूक दाखवत नाही, चाचणी सुरळीत पार पडते, आणि म्हणूनच हा दोष उशिरा सापडतो.

उपाय म्हणून अनेक जण क्रमांकाचा हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने मिळणारा सांकेतिक आकडा, काढतात, पण किल्लीविना काढलेला हॅश कच्चा असतो. भारतातील मोबाइल क्रमांक दहा अंकी असून 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता 400 कोटी. साधा संगणकही त्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवून पाहू शकतो. गुप्त किल्ली घालून काढलेल्या हॅशला हा धोका नाही, पण तो सहा अंकांत बसवायला गेलात तर दुसरी अडचण येते: 12,000 सभासद असतील तर साधारण 70 जोड्यांना एकच क्रमांक मिळेल. म्हणून पतसंस्थेच्या आकाराला मी जुना-नवा क्रमांक लिहिलेला एक जुळणी-तक्ता सुचवेन. त्यातले नवे क्रमांक आधी पिसून घ्यावेत, नाहीतर सभासदत्वाचा क्रम उघडा राहतो. तो तक्ता खऱ्या माहितीच्याच कुलपात ठेवावा, चाचणीच्या बाजूला कधीही देऊ नये.

नाते टिकले की नाही, हे असे तपासता येते:

```sql
SELECT count(*)
FROM karja k
LEFT JOIN sabhasad s ON s.kramank = k.jamindar
WHERE k.jamindar IS NOT NULL
  AND s.kramank IS NULL;
```

यातून सभासदांच्या तक्त्यात न सापडणारे जामीनदार असलेल्या नोंदी मोजल्या जातात. उत्तर शून्यच यावे असा आग्रह धरू नका. जुन्या प्रणालीतून आलेल्या नोंदींत सभासद नसलेले जामीनदार असतातच, आणि प्रणालीने त्यांनाही तोंड द्यायचे असते. खऱ्या माहितीवर जी संख्या येते तीच प्रतीवर यायला हवी.

क्रमही महत्त्वाचा आहे. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथे अक्षर `P` असते आणि पाचवे आडनावाचे पहिले इंग्रजी अक्षर असते. त्यामुळे आधी नवे आडनाव ठरवावे आणि मग त्यावरून पॅन रचावा. उलटे केले तर नाव-पॅन जुळणी तपासणारा भाग जवळजवळ प्रत्येक नोंदीला अडवेल आणि खऱ्या विसंगती त्या गर्दीत हरवतील. मूळ माहितीत ज्यांचा पॅन रिकामा आहे, त्यांचा रिकामाच राहू द्यावा. भरून टाकण्याचा मोह फार होतो.

काठावरच्या मूल्यांना माहितीपत्रकात मी 'सीमामूल्ये' हा शब्द वापरेन. त्यांत दोन जाती आहेत आणि त्यांना वेगळे वागवावे लागते. पहिली जात आकाराची: आडनाव नसलेला सभासद, 'ऱ्ह' सारखे जोडाक्षर असलेले नाव, 29 फेब्रुवारीचा जन्म. येथे व्यक्ती बदलावी पण आकार राखावा, म्हणजे 29 फेब्रुवारीला दुसऱ्या लीप वर्षाची तीच तारीख द्यावी आणि 18 वर्षांच्या अलीकडचा सभासद अलीकडेच ठेवावा. व्यवहारांच्या तारखा सरसकट काही दिवसांनी सरकवणे मला पटत नाही, कारण 31 मार्चचा व्याजाचा व्यवहार एप्रिलमध्ये गेला की वर्षअखेरीची चाचणी फुकट जाते.

दुसरी जात टोकाच्या मूल्यांची आहे, आणि गावातल्या पतसंस्थेत ती जास्त धोक्याची. सर्वांत मोठी ठेव कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक असते. नाव कितीही बदला, रकमेवरून माणूस ओळखू येतो. अशी रक्कम खऱ्या नोंदीतून खाली आणावी आणि तेवढ्याच मोठ्या रकमेची एक पूर्ण कल्पित नोंद वेगळी पेरावी. तिला 'पेरलेली नोंद' हेच नाव द्या, म्हणजे चाचणी करणाऱ्याला ती मूळ नाही हे कळेल.

'शेरा' या रकान्याला मात्र यातला कोणताच शब्द लागू होत नाही. तेथे लिपिक 'भावाचा फोन आला होता' असे लिहून पुढे नाव आणि क्रमांकही टाकतात, आणि मोकळ्या मजकुरातली नावे खात्रीने शोधून बदलता येत नाहीत. हा रकाना पुसावा आणि जागी तितक्याच लांबीचा कोणताही देवनागरी मजकूर भरावा. माहितीपत्रकातही 'पुसला' असेच लिहावे.