कर्जमाफीचं प्रमाणपत्र आणि बँकेची नोटीस

प्रश्न : वकीलताई, मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे. बँकेचं दीड लाखाचं पर्सनल लोन आहे, हप्ता 5,200. काम कमी झालं तेव्हा एका एजन्सीने सांगितलं, अठरा हजार भरा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्ज माफ करून देतो, सिबिलही साफ करतो. त्यांच्या सांगण्यावरून खात्यात पैसे ठेवले नाहीत. तीन हप्ते बाउन्स झाले. माफीचं प्रमाणपत्र मिळालं, पण सहा दिवसांपूर्वी बँकेच्या वकिलाची नोटीस आली. एजन्सी म्हणते लक्ष देऊ नका, अजून बारा हजार भरा. शिवाय केव्हाच फेडलेलं मोटरसायकलचं कर्ज सिबिलमध्ये थकीत दिसतंय. नोटीस आणि प्रमाणपत्राचे फोटो पाठवले आहेत. काय करू?

उत्तर : दादा, ते बारा हजार एजन्सीला देऊ नका. ते नोटिशीसाठी लागणार आहेत.

नोटिशीच्या दुसऱ्या परिच्छेदात पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 लिहिलंय. चेक बाउन्स झाल्यावर जी केस होते, तशीच केस खात्यात पैसे नसल्याने ऑटो डेबिटचा हप्ता परत गेला तरी होते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत मागितलेली रक्कम भरली तर हा गुन्हा उभाच राहत नाही. तुमचे सहा दिवस गेले, नऊ उरलेत. नोटिशीत तीन हप्त्यांचे 15,600 मागितलेत. बारा हजार हाताशी आहेत, 3,600 ची जुळणी करा. पैसे शाखेत किंवा कर्ज खात्यातच भरा, पावती घ्या आणि तिची प्रत जोडून बँकेच्या वकिलांना स्पीड पोस्टाने उत्तर पाठवा. त्याच वेळी शाखेत लेखी अर्ज द्या की काम कमी झालंय, मुदत वाढवून हप्ता कमी करावा. बँक मान्य करेलच असं नाही, पण अर्जाची पोच जवळ असू द्या.

आता ते प्रमाणपत्र. त्यावर अशोकस्तंभ आहे, गोल निळा शिक्का आहे, पण तुमच्या बँकेची सही कुठेच नाही. करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे येणं सोडून देण्याचा हक्क ज्याचं येणं आहे त्यालाच असतो. तुमचं येणं बँकेचं आहे, एजन्सीचं नाही. रिझर्व्ह बँकेनेही 11 डिसेंबर 2023 रोजी जाहीर इशारा दिला होता की काही जण सेवाशुल्क, कायदेशीर शुल्क घेऊन अशी प्रमाणपत्रं वाटतात आणि त्यांना तसा कोणताही अधिकार नाही.

सिबिल साफ करण्याचंही तसंच. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन नोंदी आहेत आणि त्यांची जात वेगळी आहे. पर्सनल लोनचे तीन हप्ते चुकले ही नोंद खरी आहे, ती पैसे देऊन कोणी पुसू शकत नाही. काही एजंट खऱ्या नोंदीवरही खोटी तक्रार टाकतात. मग रिपोर्टमध्ये थोडे दिवस ती नोंद वादग्रस्त दिसते, तेवढा स्क्रीनशॉट दाखवून फी घेतात. बँकेने कळवलं की नोंद जिथल्या तिथे.

मोटरसायकलची नोंद मात्र चुकीची आहे आणि ती दुरुस्त करायला एक रुपयाही लागत नाही. फायनान्स कंपनीकडून नो ड्यूज घ्या. सिबिलच्या साइटवर वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. तो काढा, तिथेच त्या खात्यावर डिस्प्यूट टाका आणि फायनान्स कंपनीलाही लेखी कळवा. तक्रार 30 दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम 26 एप्रिल 2024 पासून लागू आहे. तरीही काही हललं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, तीही मोफत. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क या सिबिलसारख्याच कंपन्यांचेही रिपोर्ट पाहून घ्या. एका ठिकाणची दुरुस्ती बघून निर्धास्त होणारे अशील मी पाहिलेत. पुढची बँक नेमका दुसरा रिपोर्ट काढते.

एजन्सीला काही ओटीपी किंवा सिबिलचा पासवर्ड दिला असेल तर आजच बदला. सही करून कोरे चेक दिले असतील तर बँकेत स्टॉप पेमेंट लिहून द्या.

अठरा हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या, फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं 318(4). पैसे देऊन बरेच दिवस झाले असतील तर ती रक्कम खात्यात गोठवली जाण्याची आशा कमी आहे, हे स्पष्ट सांगते. कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येईल, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी नाही. व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज पुसू नका, यूपीआयच्या पावत्या काढून ठेवा.

आणि ते प्रमाणपत्र फाडू नका, तो तुमचा पुरावा आहे. फक्त बँकेत किंवा कोर्टात माफीचा कागद म्हणून पुढे करू नका. बनावट आहे हे कळल्यावर तो खरा म्हणून वापरला तर गुन्हा तुमच्यावर येईल.