परवा माझी अपॉइंटमेंट 'होती' की 'आहे'?

प्रश्न: 'परवा सकाळी साडेदहाला माझी अपॉइंटमेंट होती. अचानक गावी जावं लागलं, त्यामुळे मी येऊ शकत नाही. कृपया करून मला दुसरी वेळ देऊ शकता का?' असा मेसेज मी दवाखान्याला पाठवला. मुलगी म्हणते, काळ चुकलाय आणि विनंतीसुद्धा जरा उद्धट वाटते. बरोबर कसं लिहायचं?

मुलीला माझा नमस्कार सांगा. पहिल्या वाक्यातलं 'होती' काढा आणि शेवटच्या वाक्यात न्या. निम्मं काम तेवढ्यावर होतं. का, ते सांगतो, पण त्याआधी 'परवा'बद्दल बोललंच पाहिजे, कारण खरी गोम तिथे आहे.

'परवा' हा शब्द दोन्ही बाजूंना तोंड असलेला आहे. कालच्या आधीचा दिवसही परवा आणि उद्याच्या नंतरचाही परवाच. 'परवा पाऊस पडला', 'परवा पाऊस पडेल'. दिवस कुठला, हे 'परवा' सांगतच नाही, क्रियापद सांगतं. म्हणजे 'परवा माझी अपॉइंटमेंट आहे' याचा अर्थ येणारा दिवस आणि 'परवा माझी अपॉइंटमेंट होती' याचा अर्थ होऊन गेलेला दिवस. त्यातही भूतकाळातला परवा फार सैल असतो. 'परवा तुमचा भाऊ भेटला होता' असं आपण आठ दिवसांपूर्वीच्या भेटीबद्दलही बिनदिक्कत म्हणतो. तुमच्या मनात येणारा दिवस होता आणि वाचणाऱ्याला दिसला गेलेला.

हे नुसतं व्याकरणाचं खुसपट नाही. माझ्या आत्याने एका डोळ्यांच्या दवाखान्याला रात्री साडेनऊला लिहिलं, 'परवा माझी वेळ होती, जमत नाहीये, दुसरी द्या.' सकाळी काउंटरवरच्या बाईंनी ते वाचलं आणि समजल्या, की ही पेशंट दोन दिवसांपूर्वी न सांगता गैरहजर राहिली. 'जमत नाहीये' कडे त्यांचं लक्ष गेलं नाही, 'होती' कडे गेलं. आत्याची खरी वेळ वहीत तशीच राहिली आणि ती आली नाही म्हणून दुसऱ्यांदा गैरहजेरी लागली. पुढच्या खेपेला तिला यादीत सगळ्यात शेवटी बसवलं. आणखी एक गोष्ट बघा. रात्री लिहिलेला 'परवा' सकाळी वाचेपर्यंत 'उद्या' झालेला असतो. म्हणून अशा निरोपात परवा-बिरवा लिहूच नये. वार आणि तारीख दोन्ही लिहावं. तारखेत चूक झाली, तर वार सांभाळून घेतो.

आता बऱ्याच जणांना शंका येईल, की दिवस अजून यायचा असताना आपण 'होती' म्हणतोच की. 'उद्या मीटिंग होती ना?' म्हणतोच. पण त्या 'होती'ला एक छटा आहे: ठरलं होतं, आता नक्की नाही. 'उद्या जायचं होतं' एवढंच म्हणून बघा, ऐकणारा 'पण?' असं विचारणारच. तो 'पण' त्या भूतकाळाच्या पोटातच असतो. दवाखान्याच्या वहीत मात्र तुमची वेळ अजून जिवंत आहे, ती तुम्हीच बदलून मागताय. म्हणून तिथे 'आहे'.

बरं, आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे. 'परवा' आला कुठून? संस्कृतात 'श्वः' म्हणजे उद्या आणि 'परश्वः' म्हणजे त्याच्या पलीकडचा दिवस. फक्त पुढचा, मागचा नव्हे. मागच्यासाठी 'परह्यः' असा वेगळा शब्द होता. 'परश्वः'चा 'परवा' झाला असं सांगून बहुतेक मंडळी हात झटकून मोकळी होतात. माझं त्यांच्याशी इथेच भांडण आहे. मराठीत 'श्व'चा काय होतो? श्वश्रूची सासू झाली, श्वशुरचा सासरा झाला. 'स' राहतो, 'व' जातो. त्या हिशेबाने 'परस' किंवा 'परसू' असं काहीतरी व्हायला हवं होतं. हिंदीत तसंच झालंय, 'परसों'. मग आपल्याकडे 'स' गेला आणि 'व' राहिला, हे उलटं कसं?

माझं उत्तर असं, की वाटेत हे जोडाक्षर फुटलं. पालीमध्ये उद्याला 'सुवे' म्हणतात आणि परवाला 'परसुवे'. बघा, 'श्व' मोकळा होऊन 'सुव' झाला आणि 'व'ला स्वतःचं घर मिळालं. पुढे 'स'चा 'ह' झाला असणार: परसुवे, परहुवे, आणि तो दुबळा 'ह' विरून परवा. 'स'चा 'ह' होतो यावर विश्वास बसत नसेल, तर सत्तरच्या पुढे मोजा. सत्तर, आणि लगेच एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर! सत्तरमधला 'स' एका पावलात 'ह' झाला आणि आपण शाळेपासून ते घोकत असूनही कधी दचकलो नाही. परवाच्या बाबतीत मधल्या पायऱ्या माझ्या आहेत, हे कबूल. पण सासूला उत्तर न देता 'परश्वःचा परवा' म्हणणाऱ्यांपेक्षा माझी वाट सरळ आहे.

आणि मागच्या दिवसाचा अर्थ या शब्दात शिरला, तो क्रियापदाच्या भरवशावर. मराठी क्रियापद काळ इतका स्पष्ट दाखवतं, की दोन दिवसांना एकच शब्द पुरला. तो भरवसा तुम्ही मोडलात, एवढाच तुमचा गुन्हा.

असो. 'गावी जावं लागलं' हेही तपासा. गावी पोचून लिहीत असाल, तर ठीक. अजून निघायचे असाल, तर 'जावं लागतंय'. 'येऊ शकत नाही' ऐवजी 'येणं जमणार नाही', कारण न येणं पुढे घडायचं आहे आणि प्रश्न तुमच्या अंगातल्या ताकदीचा नाही. तेच 'देऊ शकता का'चं. सध्या जो तो 'शकता का' करत सुटलाय. 'खिडकी उघडू शकता का?' म्हटल्यावर मला हात दाखवून 'हो, शकतो' म्हणावंसं वाटतं. मराठीत मागण्याची सभ्य रीत भविष्यकाळातून जाते: 'द्याल का?' त्याहून मऊ 'मिळेल का?', कारण त्यात समोरच्या माणसावर बोट येत नाही, वेळ आपण होऊन मिळाल्यासारखी वाटते.

'कृपया करून'ने मात्र माझं डोकं फिरतं. 'कृपया' हे कृपा या शब्दाचं संस्कृतातलं तृतीयेचं रूप आहे, म्हणजे 'कृपेने'. त्यातला 'ने' आतच आहे. 'कृपया करून' म्हणजे 'कृपेने करून'. एक तर 'कृपया' लिहा, नाहीतर 'कृपा करून'. यावर एका व्याकरणप्रेमी गृहस्थांनी मला सुनावलं, की 'जेणेकरून'मध्येही तृतीया आणि 'करून' दोन्ही आहेत, ते चालतं मग हे का नाही? चालतं, कारण 'जेणे' हे मराठीचंच जुनं रूप आहे आणि त्याला 'करून' जोडायची रीत मराठीतच मुरली. 'कृपया' हा तयार आणलेला डबा आहे, त्याला वरून दुसरं झाकण कशाला? आणि खरं सांगायचं, तर आपण बोलताना 'कृपया' म्हणतो कधी? तो पाट्यांवरचा शब्द आहे. 'कृपया रांगेत उभे राहावे.' तुमच्या मेसेजला उद्धटपणाचा वास येतो, तो या पाटीमुळे आणि 'शकता का'मुळे.

मग नम्रता कुठून आणायची? तर वर काढलेल्या 'होती'तून. वाण्याच्या दुकानात आपण 'अर्धा किलो साखर हवी होती' म्हणतो. साखर आताच हवी असते, पैसे हातात असतात, तरी 'होती'. इच्छा एक पाऊल मागे सरकवून ठेवली, की समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. 'जरा बोलायचं होतं', 'एक विचारायचं होतं', सगळी याच घराण्यातली. 'हवी होती म्हणजे आता नको का?' असा विनोद करणारे मास्तर मला शाळेत होते. त्यांना वाणी कधी भेटला नसावा. थोडक्यात, भूतकाळ तुम्ही वापरलात तो योग्यच, फक्त अपॉइंटमेंटला लावलात, तो मागणीला लावायचा होता.

सगळं जुळवून असं होईल:

'नमस्कार. गुरुवार, १२ जूनला सकाळी साडेदहाला डॉक्टरांकडे माझी अपॉइंटमेंट आहे. गावी जावं लागत असल्यामुळे त्या दिवशी येणं जमणार नाही. वेळ बदलून हवी होती. सोमवार, १६ जून किंवा त्यानंतर सकाळची वेळ मिळेल का? तसदीबद्दल क्षमस्व.' खाली पूर्ण नाव आणि फोन नंबर.

'पुढे ढकला' मी मुद्दाम टाळलं. नुसतं ढकला म्हटलं, की किती ते समोरच्याने ठरवायचं, आणि मग आठवड्याऐवजी महिना जातो. अपॉइंटमेंट हा शब्द तसाच ठेवलाय, त्यावरून कुणी मला शुद्ध मराठीचे धडे देऊ नयेत. एका मोठ्या रुग्णालयातून मला एकदा मेसेज आला, 'आपली नियुक्ती निश्चित झाली आहे.' कार्यालयीन मराठीत अपॉइंटमेंटला नियुक्ती म्हणतात, हे खरं. पण ती नोकरीवरची. मी पित्ताच्या तक्रारीसाठी गेलो होतो. 'वेळ' चालेल, पण वहीत, कार्डावर आणि काउंटरवरच्या बाईंच्या तोंडी अपॉइंटमेंटच आहे, ती त्यांना पटकन सापडेल.

आणि 'तसदी' मात्र काढू नका. हा शब्द मूळ अरबी, तिथे 'सुदाअ' म्हणजे डोकेदुखी आणि 'तस्दीअ' म्हणजे डोकं दुखवणं. म्हणजे तुम्ही दवाखान्याला लिहिताय, की तुमचं डोकं दुखवल्याबद्दल माफ करा. वेळ डोकेदुखीसाठीच घेतली असेल, तर हे वाक्य सगळ्यात वर घ्या.