एसए ३३० चं टेस्टिंग झालं म्हणजे आयएफसी झालं का?

प्रश्न: एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या ऑडिटवर आहे. विक्री आणि खरेदीच्या कंट्रोल्सचं टेस्टिंग एसए ३३० प्रमाणे झालंय. सीनियर म्हणतात, आयएफसीचं काम वेगळं दाखवा. तेच वर्किंग पेपर जोडले तर चालणार नाही का? आणि आकडे बरोबर असताना, मुख्य रिपोर्ट क्लीन जात असताना आयएफसीचं मत क्वालिफाइड कसं होऊ शकतं?

उत्तर:

पेपर बरेचसे तेच चालतील. पण त्यांवरून दोन निष्कर्ष काढायचे आहेत, आणि एकासाठी पुरेसा असलेला पुरावा दुसऱ्याला अनेकदा अपुरा पडतो. तुमचे सीनियर बरोबर सांगत आहेत.

आधी एक गोष्ट तपासा: कंपनीला हे रिपोर्टिंग लागू आहे का? १३ जून २०१७ च्या अधिसूचनेने वन पर्सन कंपनी आणि स्मॉल कंपनी यांना सूट दिली. शिवाय ज्या प्रायव्हेट कंपनीची उलाढाल शेवटच्या ऑडिट झालेल्या आर्थिक पत्रकांप्रमाणे ५० कोटींच्या आत आहे आणि बँका, वित्तसंस्था व इतर कंपन्यांकडून घेतलेलं एकूण कर्ज वर्षभर २५ कोटींच्या आतच राहिलं आहे, तिलाही सूट आहे. मूळ अधिसूचनेत या दोन अटींमध्ये ‘किंवा’ होतं, पुढच्याच महिन्यात शुद्धिपत्रक काढून ते ‘आणि’ केलं. जुनी प्रत वाचून अजूनही काही जण एकाच अटीवर सूट घेतात. कर्जाचा आकडा ३१ मार्चचा पाहू नका, वर्षातला सर्वांत मोठा पाहा. आर्थिक पत्रकं किंवा वार्षिक विवरण दाखल करण्यात कसूर केलेली कंपनी असेल तर सूट मिळत नाही. खाली कंपनीला रिपोर्टिंग लागू आहे असं धरून लिहितो.

एसए ३३० मध्ये कंट्रोल टेस्ट करायचे की नाही, हा मोठ्या प्रमाणात तुमचा निर्णय असतो. कंट्रोलवर विसंबून सब्स्टॅन्टिव्ह काम कमी करायचं असेल, किंवा नुसत्या सब्स्टॅन्टिव्ह कामातून पुरेसा पुरावा मिळणारच नसेल, तेव्हाच टेस्टिंग करावं लागतं. एरवी सगळी बिलं, कन्फर्मेशन आणि कटऑफ तपासून तुम्ही विक्रीच्या आकड्यापर्यंत पोचू शकता. मागच्या वर्षी तपासलेला आणि न बदललेला कंट्रोल, तो सिग्निफिकंट रिस्कवरचा नसेल तर, तीन ऑडिटमधून एकदा तपासला तरी चालतो. कलम १४३(३)(आय) मध्ये ही मोकळीक नाही. आर्थिक पत्रकांशी संबंधित अंतर्गत वित्तीय कंट्रोल पुरेसे आहेत का आणि ते परिणामकारकपणे चालत आहेत का, यावर तुम्हाला स्वतंत्र मत द्यायचं असतं. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या खात्याच्या प्रत्येक संबंधित असर्शनमागचा कंट्रोल त्याच वर्षी तपासावा लागतो, मग तुम्ही त्यावर विसंबणार असा वा नसा.

दुसरा फरक काळाचा आहे, आणि गोंधळ इथेच सर्वांत जास्त होतो. आर्थिक पत्रकांसाठी कंट्रोलवर विसंबायचं तर जितक्या काळासाठी विसंबता तितका काळ तो चालला पाहिजे, म्हणजे बहुधा पूर्ण वर्ष. आयएफसीचं मत मात्र ताळेबंदाच्या तारखेचं असतं. ३१ मार्चला व्यवस्था कशी होती, एवढंच त्यात विचारलेलं असतं.

एक उदाहरण घेऊ. चाकणची ऑटो पार्ट बनवणारी प्रायव्हेट कंपनी, उलाढाल १८० कोटी, मटेरियॅलिटी ९० लाख. सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला वर्षाला ८० कोटींचा माल जातो. पोलादाचे भाव हलले की गिऱ्हाईक पीओची अमेंडमेंट पाठवतं आणि पार्टचे दर बदलतात. ईआरपीतल्या रेट मास्टरमध्ये नवा दर विक्री विभागातला कोणीही टाकू शकतो, अकाउंट्सच्या मंजुरीची सोय नाही. बिल मास्टरवरून आपोआप बनतं. म्हणजे मास्टर चुकला की त्या पार्टचं प्रत्येक बिल चुकतं.

आर्थिक पत्रकांच्या ऑडिटमध्ये तुम्ही म्हणाल, इथे कंट्रोलवर विसंबण्यात अर्थ नाही. मग वर्षातल्या सगळ्या अमेंडमेंट गिऱ्हाइकाच्या पोर्टलवरून घेतल्या, त्या बिलांच्या दरांशी जुळवल्या, ७ लाखांचा फरक निघाला आणि कंपनीने तो दुरुस्त केला. विक्रीचा आकडा आता बरोबर आहे. मुख्य मत क्लीन.

आयएफसीमध्ये या ७ लाखांवर थांबता येत नाही. तिथे विचारायचं असतं की हा कंट्रोल नसताना किती मोठी चूक न पकडता राहू शकली असती. समजा १ ऑक्टोबरपासून या गिऱ्हाइकाचे दर ३ टक्क्यांनी वाढले आणि मास्टरमध्ये ते टाकायचे राहिले. सहा महिन्यांची विक्री ४० कोटी, त्याचे ३ टक्के म्हणजे १ कोटी २० लाख. हे मटेरियॅलिटीच्या वर आहे. अशी चूक होऊ शकते आणि कंपनीच्या व्यवस्थेत ती वेळेत पकडली जाणार नाही, याची रास्त शक्यता असेल तर ती मटेरियल वीकनेस ठरते. चूक प्रत्यक्षात झाली का, हा तिथे निकष नाही. शिवाय ते ७ लाख कंपनीने नाही, तुम्ही शोधलेत. ऑडिटरचं सब्स्टॅन्टिव्ह काम कंपनीच्या कंट्रोलमध्ये मोजलं जात नाही.

इथे कंपनी हमखास म्हणते, ‘आम्ही दर महिन्याला गिऱ्हाइकाच्या खात्याचं रिकन्सिलिएशन करतो, चूक तिथे सापडलीच असती.’ हा मुद्दा गंभीरपणे तपासा, कारण भरपाई करणारा कंट्रोल खरोखर असेल तर निष्कर्ष बदलतो. पण नीट पाहा. बिल जास्त दराने गेलं तर गिऱ्हाईक पीओच्या दरानेच पैसे देतं, फरक येण्यात उरतो आणि रिकन्सिलिएशनमध्ये दिसतो. बिल कमी दराने गेलं तर गिऱ्हाईक तेवढेच पैसे देऊन मोकळं होतं. दोन्हीकडचं खातं जुळतं आणि कुणालाच काही दिसत नाही. म्हणजे तो कंट्रोल एकाच दिशेची चूक पकडतो. रिकन्सिलिएशनमध्ये दरांची तुलना पोर्टलवरच्या अमेंडमेंटशी होत असेल तरच तो दोन्ही दिशांना पुरतो.

आता समजा कंपनीने १५ जानेवारीला ईआरपीत वर्कफ्लो बसवला: विक्री विभाग दर टाकणार, अमेंडमेंटची प्रत जोडणार, फायनान्स मॅनेजर मंजूर करेल तेव्हाच दर लागू होणार. ३१ मार्चपर्यंत असे ७० बदल झाले. तपासताना मंजूर फॉर्मची फाइल मागून त्यातून सॅम्पल काढू नका. मंजुरी न घेता झालेला बदल त्या फाइलमध्ये कधीच नसेल. ईआरपीच्या चेंज लॉगमधून सगळ्या दरबदलांची यादी घ्या, ती पूर्ण आहे याची खात्री करा आणि त्यातून निवडा. आयसीएआयच्या गाइडन्स नोटमध्ये दिवसातून अनेकदा होणाऱ्या मॅन्युअल कंट्रोलसाठी किमान २५ ते ४० आणि रोजच्या कंट्रोलसाठी १५ ते २५ सॅम्पल सुचवले आहेत. आपला कंट्रोल जवळजवळ रोजचा, मूळ धोका मोठा आणि व्यवस्था नवी, म्हणून मी २५ घेईन.

प्रत्येक सॅम्पलला मंजुरीची खूण पाहून थांबू नका. जोडलेली अमेंडमेंट उघडा. पार्ट नंबर, दर आणि लागू होण्याची तारीख स्वतः जुळवा. मॅनेजरने नाकारलेली किंवा परत पाठवलेली एखादी नोंद सापडली तर ती आवर्जून फाइलला लावा. तो खरंच वाचून मंजुरी देतो याचा याहून चांगला पुरावा क्वचित मिळतो. नुसतं विचारून मिळालेलं उत्तर परिणामकारकतेचा पुरावा होत नाही. मंजुरीशिवाय दर लागू होत नाही हा भाग सिस्टिमचा, तिथे एकदा प्रत्यक्ष करून पाहिलं तरी पुरतं. पण त्यासाठी ॲडमिन हक्क कुणाकडे आहेत आणि वर्कफ्लो कोण बंद करू शकतो हे तपासलेलं हवं. विक्री विभागाच्या प्रमुखाकडे ॲडमिन आयडी निघाला तर बाकीच्या टेस्टिंगला फारसा अर्थ उरत नाही.

हे सगळं ठीक निघालं तर ३१ मार्चच्या आयएफसी मतात दरांबाबत काही आणायची गरज नाही. पण एप्रिल ते १५ जानेवारीच्या विक्रीसाठी हा कंट्रोल नव्हताच, त्यामुळे आर्थिक पत्रकांसाठी पोर्टलशी जुळवण्याचं सब्स्टॅन्टिव्ह काम करावंच लागेल. तुमच्या ‘तेच पेपर जोडू का’चं उत्तर इथे दिसतं: जानेवारी ते मार्चचे २५ सॅम्पल आयएफसीला पुरले, वर्षाच्या विक्रीला पुरले नाहीत.

उलटही होतं. कंट्रोल फेब्रुवारीपर्यंत चोख चालला, मार्चमध्ये फायनान्स मॅनेजर नोकरी सोडून गेला आणि मंजुरीचे हक्क ‘तात्पुरते’ विक्री विभागाला दिले. तुमचं टेस्टिंग डिसेंबरपर्यंतचं असेल तर फाइल स्वच्छ दिसेल, पण ३१ मार्चला कंट्रोल नव्हता. म्हणून अंतरिम टेस्टिंगनंतर मार्चअखेरपर्यंत काय बदललं याचा रोल-फॉरवर्ड लागतो: माणसं, हक्क, सिस्टिम, आणि शेवटच्या आठवड्यांतले काही सॅम्पल. १० एप्रिलला नवा मॅनेजर आला म्हणून ३१ मार्चची स्थिती सुधारत नाही. तिमाही कंट्रोल असेल तर मार्चमध्ये दुरुस्त करूनही उपयोग होत नाही, कारण तारखेआधी तो एकदाच चाललेला असतो आणि एका वेळेवरून परिणामकारकता ठरवता येत नाही.

आता क्वालिफाइड मताचं. १५ जानेवारीचा वर्कफ्लो बसलाच नाही असं धरा. ३१ मार्चला मटेरियल वीकनेस आहे, पण तिचा परिणाम एका खात्यापुरता मर्यादित आहे. आपल्याकडे अशा वेळी क्वालिफाइड मत देता येतं. परिणाम सगळीकडे पसरलेला असेल तर ॲडव्हर्स. परिशिष्टात वीकनेस नेमकी लिहा. ‘विक्रीचे कंट्रोल बळकट करण्याची गरज आहे’ असं मोघम वाक्य चालणार नाही. रेट मास्टरमधील बदलांना स्वतंत्र मंजुरी नसल्याने विक्री आणि येणी चुकीच्या दराने नोंदली जाऊ शकतात, इतकं स्पष्ट लिहा. त्यानंतर, आर्थिक पत्रकांच्या ऑडिटमधील चाचण्यांचं स्वरूप, वेळ आणि व्याप्ती ठरवताना ही वीकनेस विचारात घेतली होती आणि आर्थिक पत्रकांवरील मतावर तिचा परिणाम होत नाही, हेही नमूद करा. हे वाक्य लिहिण्याचा हक्क तुम्हाला पोर्टलशी जुळवलेल्या त्या कामामुळे मिळतो. ते काम फाइलमध्ये नसेल तर मुख्य मताचाही पुन्हा विचार करावा लागेल.

त्रुटी मटेरियलपर्यंत जात नसेल, पण संचालक मंडळाने लक्ष घालावं इतकी असेल, तर ती एसए २६५ प्रमाणे लेखी कळवा, मतात आणू नका. तुमच्या फाइलमध्ये प्रत्येक त्रुटीसमोर दोन रकाने ठेवा: एकात ३१ मार्चची स्थिती आणि संभाव्य चुकीचा आकार, दुसऱ्यात त्या त्रुटीमुळे वाढवलेलं सब्स्टॅन्टिव्ह काम. सीनियरांना वेगळं काम दाखवायचं म्हणजे मुख्यतः हेच दाखवायचं आहे.