आईच्या मोबाइलवर बँक सुरू करताय? आधी हे करा

पेन्शनचं खातं मोबाइलला जोडूच नका. आईसाठी मी दुसऱ्या बँकेत साधं बचत खातं उघडलं. त्याच बँकेत उघडलं असतं, तर ग्राहक क्रमांक एकच राहून अॅपमध्ये मुदत ठेवीही दिसल्या असत्या, आणि भामटे ठेव ऑनलाइन मोडायला लावतात. आता पेन्शन खात्यातून दरमहा पाच हजार आपोआप नव्या खात्यात येतात. फसगत झालीच, तरी त्या खात्यात असेल तेवढ्याचीच.

मग अॅपमध्ये रोजची मर्यादा दोन हजारांवर आणली. किराणा, औषधं, रिक्षा यांना पुरते. मर्यादा वाढवायचा पर्याय अॅपमध्येच असतो, म्हणून नुसत्या मर्यादेवर विसंबू नका.

मदतनीस म्हणून मी शेजारी बसलो, पण पिन टाकताना मान फिरवली. पिन तिचा तिलाच ठाऊक. मला फक्त व्यवहाराचे ईमेल येतात. मग मी तिला एक रुपया पाठवला. "बघ, पैसे आले, पिन लागला का?" ती म्हणाली, "नाही रे." पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे तिला पक्कं कळलं.

फ्रिजवर बँकेचा क्रमांक आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लिहून चिकटवलाय. पैसे गेले तर आधी तिथे फोन, मग मला.